दर नाही, आकड्याची धास्ती
"घणसोलीत बजेट डेंटल क्लिनिक काढतोय. स्ट्रॅटेजी कॅनव्हासवर काय काढून टाकू, काय कमी करू, काय वाढवू, नवं काय आणू?"

कॅनव्हास म्हणजे दर, वेळ, सेवा अशा एकेका बाबीत कोण किती देतं ते दाखवणारा आलेख. त्यावर आधी शेजारच्या क्लिनिकची रेघ काढा, मग मेडिकलमधून पेनकिलर घेऊन दात दुखत ठेवणाऱ्यांशी बोला. माझ्याकडे आलेला एक रिक्षावाला दादा म्हणाला, "डॉक्टर, फी देईन हो, पण शेवटी किती होणार ते कोणी सांगतच नाही. वर तीन दिवस धंदा बुडतो."

म्हणून 'नवं' या खान्यात दोनच गोष्टी ठेवा: रूट कॅनॉल, क्राऊन, एक्स-रे धरून एकच लेखी रक्कम आणि रात्री अकरापर्यंत वेळ. फेऱ्या कमी करा, पण पू किंवा सूज असेल तर एका बैठकीचा हट्ट नको. इम्प्लांट, व्हाइटनिंग काढूनच टाका. ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, बाहेरून करून घ्या.

उपकरणं निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हवर मात्र काटकसर नको, उलट ते वाढवा. पाऊचसकट १२१ अंशांवर किमान ३० मिनिटं, आणि सीलबंद पाऊच पेशंटसमोर फोडा. स्वस्त म्हणजे अस्वच्छ ही शंका तिथेच मिटते.

तुमची रेघ शेजाऱ्याच्या रेघेला समांतर, फक्त खाली आली, तर ती नुसती स्वस्ताई आहे. कॅनव्हास पुन्हा मांडा.