घरची बैठक आणि कंपनीची बैठक: इतिवृत्त एक ठेवायचं की दोन?

शिरोलीकर
आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड. शेअर बाबांचे ४५ टक्के, काकांचे ४०, आत्याचे १५. बाबा एमडी, काका डायरेक्टर. मागच्या रविवारी पहिल्यांदाच सगळ्यांची रीतसर बैठक घेतली, आत्या आणि चुलत बहीणही होती. इतिवृत्त मी लिहिलं: 'चुलत बहिणीच्या लग्नाला काकांना कंपनीतून १२ लाख उचल द्यावी. नवीन इंडक्शन फर्नेस घ्यावी. बाबांनी सत्तरी पूर्ण झाल्यावर एमडीपद सोडावं आणि मी सांभाळावं. राहतं घर काकांच्या शाखेला दिलं. कोणी शेअर बाहेर विकू नयेत.' काका म्हणतात, सह्या करून कंपनीच्या मिनिट्स बुकात चिकटवा. बाबा म्हणतात, घरातलं लिहायचंच कशाला. कोणाचं बरोबर?

इचलकरंजीचे अण्णा
तुझ्या बाबांचं. आमच्या घरी लूमच्या कारखान्यात तीन भाऊ. थोरल्या भाच्याने हौसेने असंच इतिवृत्त लिहिलं, कोण काय बोललं तेही सगळं. रागाच्या भरात धाकटा म्हणाला होता, 'मला यातलं काही नको.' चार वर्षांनी वाटणीची वेळ आली आणि तेच वाक्य वकिलाच्या नोटिशीत छापून आलं. आमच्या आईच्या हयातीत हे झालं. तिला वाचून दाखवायची वेळ माझ्यावर आली. घरात बोललेला शब्द विरतो, लिहिलेला विरत नाही. मोठ्यांनी ठरवावं, धाकट्यांनी पाळावं, आणि कंपनीचं जे काय असेल ते सीएला सांगावं.

निवृत्त सीएस, पुणे
अण्णा, तुमच्या घरी जे झालं ते मी कंपनी सेक्रेटरीच्या कामात बऱ्याचदा पाहिलंय. तिथे चूक लिहिण्याची नव्हती, काय लिहिलं त्याची होती. इतिवृत्तात निर्णय लिहायचा, भांडण नाही. कोण काय बोललं याला तिथे जागाच नाही.

शिरोलीकर, काकांचं म्हणणं मात्र अजिबात ऐकू नका. कंपनीचं मिनिट्स बुक ही कंपनी कायद्याच्या कलम ११८ खालची वही आहे. सभा झाल्यापासून ३० दिवसांत त्यात नोंद व्हावी लागते आणि ती पुरावा म्हणून चालते. बोर्डाच्या सभेला डायरेक्टर बसतात, डायरेक्टर नसलेली आत्या आणि चुलत बहीण नाही. रविवारची बैठक ही बोर्डाची सभा नव्हतीच, मग तिचा कागद त्या वहीत कसा बसेल? उद्या बँकेने किंवा आयकर खात्याने वही मागितली तर फर्नेसच्या ठरावाशेजारी लग्नाची उचल आणि राहतं घर वाचायला मिळेल.

तुमच्या इतिवृत्तातलं पहिलं कलम घ्या. काका ४० टक्क्यांचे भागधारक. १० टक्के किंवा जास्त मताधिकार असलेल्या भागधारकाला अशा खासगी कंपनीने कर्ज दिलं, तर कंपनीच्या साठलेल्या नफ्याच्या मर्यादेत ती रक्कम डीम्ड डिव्हिडंड धरली जाते. म्हणजे १२ लाख काकांच्या उत्पन्नात धरून त्यावर कर, आणि उचल आहे म्हणून ती परतही करायची. शिवाय डायरेक्टरला कर्ज म्हणून कलम १८५ चा प्रश्न वेगळाच. लग्नाला मदत करायचा निर्णय घरचा आहे आणि चांगला आहे. पैसे मात्र कंपनीने रीतसर डिव्हिडंड जाहीर करून द्यावेत, म्हणजे तो तिघांना हिश्शाने मिळेल, किंवा बाबांनी स्वतःच्या खात्यातून द्यावेत. घरच्या वहीत एवढंच लिहा: 'लग्नासाठी १२ लाखांची सोय कुटुंबाने करावी असं ठरलं, कंपनीचे पैसे उचल म्हणून घ्यायचे नाहीत.'

घराचं वाक्य सर्वांत जास्त जपून लिहा. काळे विरुद्ध डेप्युटी डायरेक्टर या १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की कौटुंबिक व्यवस्था तोंडी होऊ शकते, आणि आधी झालेल्या गोष्टीची नुसती आठवण म्हणून लिहिलेल्या कागदाला नोंदणी लागत नाही. पण कागदानेच हक्क दिला, तर नोंदणी आणि स्टॅम्प दोन्ही आले. तुमचं 'दिलं' हे वाक्य नेमकं तिथे अडकतं. त्या जागी 'घराबाबत बाबा आणि काका आपापली मृत्युपत्रं तीन महिन्यांत करतील' असं लिहा.

भिशीवाला
एवढी उस्तवारी कशाला? शेअरला नॉमिनी लावा, काम संपलं. बाबांचा फॉर्म एसएच-१३ भरा, नॉमिनी तुम्ही. बाबांच्या मागे शेअर थेट तुमचे, वारसाचा प्रश्नच उरत नाही.

निवृत्त सीएस, पुणे
फॉर्म बरोबर आहे, पुढचं नाही. शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की नॉमिनी हा मालक होत नाही. कंपनीने कोणाकडे शेअर सोपवायचे एवढ्यापुरतं ते नाव. खरे मालक मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने ठरतात. तो खटला आपल्याच मराठी घरातला, कालनिर्णयवाल्या जयंत साळगावकरांच्या मालमत्तेचा. नॉमिनेशन जरूर करा, पण मृत्युपत्रात त्याच्या उलट नाव असेल तर तुम्हीच पुढच्या भांडणाची पेरणी कराल.

सांगलीची मिरचीवाली
आमची मसाल्याची भागीदारी फर्म आहे, मिस्टर आणि दीर. दीर मागच्या वर्षी गेले. बोर्ड, ठराव असलं काही आमच्याकडे नाही. जाऊबाईंना आपोआप भागीदार धरायचं का? इतिवृत्त कसं लिहू?

निवृत्त सीएस, पुणे
ताई, तुमचं प्रकरण वेगळं आहे. भागीदारी करारात वेगळं काही नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते, आणि दोघांचीच फर्म असेल तर मागे भागीदारच एक उरतो. जाऊबाई आपोआप भागीदार होत नाहीत. दिरांचा हिशेब मात्र त्यांना आणि मुलांना द्यावा लागेल. आधी करारपत्र काढून वाचा आणि ते घेऊन सीएकडे जा. नुसत्या इतिवृत्ताने यातलं काही होणार नाही.

माहेरवाशीण
मला एक विचारायचंय. आत्याचे १५ टक्के आहेत, तिला बैठकीला बोलावलं, हे छान. पण 'मी सांभाळावं' हे वाक्य कोणी लिहिलं? लिहिणाऱ्यानेच ना? ज्याचं नाव पुढे येतंय त्यानेच इतिवृत्त लिहू नये, एवढं तरी पाळा. आणि चुलत बहिणीचं नाव फक्त लग्नाच्या कलमात आहे. ती काय शिकलीय, कामावर येते का, तिला विचारलं का? माझ्या माहेरी असंच झालं. धंद्याच्या कलमांत भाऊ, लग्नाच्या कलमात मी. मी शेअर मागितले नाहीत, पण मला विचारलं असतं तर आज भावाशी बोलत असते.

निवृत्त सीएस, पुणे
माहेरवाशीण ताईंचा मुद्दा माझ्या लक्षात यायला हवा होता. लिहिणारा बदला.

उत्तराधिकारावर येतो. 'सत्तरी झाल्यावर सोडावं' ही इच्छा झाली. ती पार पडेल की नाही हे ओळखायची एक साधी खूण आहे: वाक्यासमोर तारीख, कागद आणि तो कागद करणाऱ्याचं नाव आहे का? मी घरच्या वहीत प्रत्येक ठरलेल्या गोष्टीसमोर 'पुढे कुठे' असा रकाना आखायला सांगायचो. तुमच्या नोंदीचा नमुना देतो:

'ठरलं: पुढचा एमडी कोण, हे दोन वर्षांनी कामगिरी पाहून ठरवू. तोवर इच्छुकाने एक वर्ष मोल्डिंग आणि मेल्टिंगवर, एक वर्ष वसुली आणि खरेदीवर काम करावं. पुढे कुठे: पगार आणि जबाबदारीचा ठराव बोर्डात.
ठरलं: बाबांच्या जागी नवा डायरेक्टर. पुढे कुठे: बोर्डाने अतिरिक्त डायरेक्टर नेमणं, ३० दिवसांत कंपनी रजिस्ट्रारकडे डीआयआर-१२ फॉर्म, आणि पुढच्या वार्षिक सभेत भागधारकांची मंजुरी.
ठरलं: शेअर आधी घरच्यांनाच विकायचे. पुढे कुठे: कंपनीच्या नियमावलीत, म्हणजे आर्टिकल्समध्ये दुरुस्ती, सर्वसाधारण सभेत.'

शेवटची ओळ विसरू नका. रंगराज विरुद्ध गोपालकृष्णन खटल्यात दोन भावांच्या शाखांनी आपापला हिस्सा समान राहील असं आपसात ठरवलं होतं. कंपनीच्या नियमावलीत ते नव्हतं, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक मानलं नाही. दुरुस्तीला विशेष ठराव, म्हणजे तीन चतुर्थांश मतं लागतात. बाबा आणि आत्या मिळून ६० टक्केच होतात, त्यामुळे काकांशिवाय हे होणार नाही. बाबा आणि काका एक झाले तर ८५ होतात. म्हणून सगळे हसतखेळत बसलेत तोवरच करून घ्या.

आणखी एक, जे हमखास राहतं. बाबांनी डायरेक्टरपद सोडलं तरी बँकेच्या कॅश क्रेडिटला दिलेली त्यांची वैयक्तिक हमी सुटत नाही. बँकेने लेखी मुक्त केल्याशिवाय ते हमीदारच राहतात. मी पाहिलेल्या एका घरात वडील निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, मुलाच्या काळात खातं थकलं आणि नोटीस वडिलांच्या नावे आली. कारखान्याच्या कागदांवरही ऑक्युपायर, म्हणजे कारखान्याला कायद्याने जबाबदार माणूस, म्हणून बाबांचं नाव असेल. कंपनीच्या बाबतीत तो डायरेक्टरच असावा लागतो, म्हणून ज्या दिवशी बाबा सोडतील त्याच दिवशी दुसऱ्याचं नाव तयार हवं.

इचलकरंजीचे अण्णा
हमीचं मला माहीत नव्हतं. माझीही हमी अजून चालू असेल, उद्याच बँकेत जातो. पण साहेब, माझं मत बदललेलं नाही. तुम्ही म्हणता निर्णयच लिहा. चिडलेला माणूस निर्णयही आपल्या सोयीने वाचतो. 'कामगिरी पाहून' म्हणजे कोणी पाहायची? बाबांनी की काकांनी? त्या दोन शब्दांवरच दोन घरं फुटतील. त्यापेक्षा थोरल्याने आज तोंडावर नाव सांगावं.

निवृत्त सीएस, पुणे
हा प्रश्न खरा आहे आणि त्याला कायद्यात उत्तर नाही. मी काही घरांत बाहेरचा एक माणूस बसवायला सांगितला, कोणी जुना पुरवठादार, कोणी निवृत्त बँक मॅनेजर. काही ठिकाणी जमलं, काही ठिकाणी त्यालाच एका बाजूचा ठरवलं.

शिरोलीकर
काल पुन्हा बसलो. इतिवृत्त आत्याने लिहिलं, दोन वह्या केल्या. घरच्या वहीत लग्न आणि मृत्युपत्रं. फर्नेसचं कलम तिथून काढलं, ते कोटेशन घेऊन बोर्डाच्या सभेत जाईल. १२ लाखांचा कराचा हिशेब काकांनी स्वतः सीएला फोन करून विचारला आणि उचल मागे घेतली. आता बाबा त्यांच्या खात्यातून देणार आहेत. शेअरच्या दुरुस्तीला काका तयार आहेत, पण म्हणाले, आधी भाव कसा काढायचा ते ठरवा.

चुलत बहिणीला विचारलं. ती म्हणाली, दोन वर्षं तिलाही शॉपवर यायचंय, ती मेटलर्जी शिकलीय. काका गप्प झाले, बाबाही. आत्याने लिहिलं: 'इच्छुक दोन. पुढे कुठे:' आणि तो रकाना अजून मोकळा आहे. कामगिरी कोण पाहणार, यावर आज रात्री परत बसतोय.