लेजर एक्सेलमध्ये काढताना शिल्लक कॉलम सॉफ्टवेअरचा ठेवायचा की आपला?

हिशोबनीस_सांगली: टॅलीतून पार्टीचं लेजर एक्सेलमध्ये काढलं की नावे, जमा आणि शिल्लक असे तीन कॉलम येतात. शिल्लकेपुढे Dr-Cr दिसतं, पण बेरीज चुकते. माझं मत असं, की तो शिल्लक कॉलम सरळ उडवावा आणि फॉर्म्युल्याने आपली शिल्लक काढावी. तुम्ही काय करता?

पटकन_काम: उडवायचा कशाला? Ctrl+H मारा, Dr-Cr च्या जागी काही नको म्हणा. आकडे मोकळे.

खतावणी: करून बघा, बहुतेक सापडणारच नाही. सेलवर क्लिक करा. सेलमध्ये 8,000.00 Cr दिसतं आणि वरच्या फॉर्म्युला बारमध्ये नुसतं 8000. टॅलीच्या एक्सेलमध्ये Cr हे सेलच्या फॉरमॅटमधून दिसतं, आकड्यात नसतं. त्यामुळे एक्सेलच्या लेखी ते अधिकच.

यातून मी एकदा चांगलाच अडकलो. पार्टीची सुरुवातीची शिल्लक 12,000 नावे, बिल 30,000 चं, आणि तिने 50,000 भरले. म्हणजे 8,000 तिचेच जमा. सगळ्या पार्ट्यांची येणी बेरजेला घेतली तर ट्रायल बॅलन्सपेक्षा 16,000 जास्त. निम्मे केल्यावर ट्यूब पेटली. तेव्हापासून E मध्ये नावे, F मध्ये जमा, सुरुवातीची शिल्लक दुसऱ्या ओळीत, आणि G2 मध्ये हे टाकून खाली ओढतो:

```
=SUM(E$2:E2)-SUM(F$2:F2)
```

उणे आलं की जमा. आधीच्या ओळीवर टेकलेला फॉर्म्युला मी टाळतो, कारण सॉर्ट केलं की पहिली ओळ मध्येच जाऊन बसते.

ऑडिटवाली: मला हे मान्य नाही. मधली एक ओळ चुकून डिलीट झाली तर तुमचा फॉर्म्युला गुपचूप नवी शिल्लक दाखवेल. सॉफ्टवेअरची शिल्लक मात्र जिथली तिथे राहते, म्हणून उडी लगेच दिसते. आर्टिकल्सनी आणलेल्या शीटमध्ये मी आधी तोच कॉलम शोधते. तो नसेल तर F12 मध्ये Show Running Balance चालू करून पुन्हा काढायला लावते.

नवा_बुककीपर: माझंही असंच होतंय! बँकेत पैसे भरले तर बँकेच्या उताऱ्यात Cr आणि आपल्या लेजरमध्ये Dr. हापण फॉरमॅटचा घोळ का?

खतावणी: नाही हो, ते बरोबर आहे. बँकेच्या वहीत आपण घेणेकरी. त्याला एक्सेल काय करणार!

ऑडिटवाली, ओळ गायब होण्याचा मुद्दा खरा. मग तुमचा कॉलम H मध्ये राहू दे, पण बेरीज G चीच.

ऑडिटवाली: शेजारी दोन शिल्लका ठेवल्या की क्लायंट नेमकी चुकीची मेल करतो. अनुभव आहे.

हिशोबनीस_सांगली: बारमध्ये बघितलं, खरंच नुसता आकडा आहे. आता गेल्या वर्षीची येण्यांची यादी उघडायची भीती वाटतेय.