'फिडेलिटी'ला मराठीत काय म्हणावे? निष्ठा, बरहुकूम की आणखी काही?

शब्दवेडी: नैराश्यावरील एका छोट्या समुपदेशन उपचाराची जिल्हा पातळीवरील पुस्तिका मी मराठीत आणते आहे. उपचार आरोग्य केंद्रातून सहा ते आठ भेटींत होतो आणि तो मानसोपचाराची पदवी नसलेले, प्रशिक्षण दिलेले स्थानिक समुपदेशक देतात. यशाच्या मोजमापांत 'फिडेलिटी' हा रकाना आहे. कोशात 'निष्ठा' मिळते, पण ते देवावर किंवा पक्षावर असते, कार्यपद्धतीवर नव्हे. मी तूर्त 'बरहुकूम अंमल' असे लिहिले आहे. आपले मत हवे आहे.

माळरान: रुग्णाने औषधे न चुकता घेणे, असाच ना अर्थ? माझ्या आईच्या मधुमेहाच्या गोळ्यांबाबत डॉक्टर 'नियमितता' म्हणतात. तोच शब्द चालावा.

शब्दवेडी: नाही, माळरानदादा. ती रुग्णाची बाजू झाली. येथे प्रश्न उपचार देणाऱ्याचा आहे: ठरलेला उपचार त्याने ठरल्यासारखा दिला का?

गटप्रवर्तक: मी आशाताईंचे काम पाहते, म्हणून अनुभवावरून सांगते. आमच्या नोंदवहीत प्रत्येक रुग्णापुढे भेटींचे रकाने असतात. सहाही भरले की काम ठरल्याप्रमाणे झाले. तेव्हा 'पूर्तता' हा सोपा शब्द सर्वांना कळेल.

जुना पाठ: ताई, आपला मुद्दा निम्मा बरोबर आहे. किती भेटी झाल्या हे मोजायलाच हवे, पण ती उपचाराची मात्रा झाली. भेटीत काय घडले, हे त्या रकान्यातून कळत नाही. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये अशाच एका उपचाराची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. ४९५ प्रौढांपैकी निम्म्यांना नेहमीच्या सेवेला जोडून हा उपचार मिळाला. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीची सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के. तेथे भेटींचे ध्वनिमुद्रण होत असे आणि समुपदेशक एकत्र बसून, एकमेकांच्या भेटी ऐकून गुण देत. नोंदवही सांगते, 'भेट झाली'. ध्वनिफीत सांगते, 'उपचार झाला'.

मन लावून ऐकले की घसरण लगेच कळते. या उपचाराचा गाभा असा की, रुग्णाने मनाला उभारी देणारी एखादी कृती ठरवायची, आठवडाभर ती करून पाहायची आणि पुढच्या भेटीत 'केल्यावर कसे वाटले' हे दोघांनी तपासायचे. समुपदेशक थकला की हा तिसरा भाग पहिल्यांदा गळतो आणि त्याच्या जागी 'काळजी करू नका, सगळे ठीक होईल' असा उपदेश येतो. सहाही रकाने भरलेले असतात, उपचार मात्र उरलेला नसतो.

शब्दवेडी: मग 'बरहुकूम' योग्यच ठरतो, नाही का?

जुना पाठ: मला तो खटकतो. 'बरहुकूम'मध्ये हुकूम आहे, म्हणजे अक्षर न अक्षर पाळणे. समजा, एका रुग्ण बाईंना लिहिता येत नाही, म्हणून समुपदेशकाने कृतींचा तक्ता चित्रांनी केला. पुस्तिकेत तक्ता लिहायला सांगितला असेल, तर हे बरहुकूम नव्हे. तरीही कृती आणि मन यांची सांगड कायम असल्यामुळे फिडेलिटी शाबूत आहे. उलट लेखी तक्ता देऊन तो पुढच्या भेटीत न तपासणे दिसायला बरहुकूम, पण उपचाराशी द्रोह. म्हणून मी 'पद्धतीशी इमान' सुचवतो. इमान गाभ्याशी राखता येते, त्याला अक्षराची सक्ती नसते.

गटप्रवर्तक: शब्द पटला, सर. पण एका पर्यवेक्षिकेकडे वीस आशा असतील, तर ध्वनिफिती कोण ऐकणार? पुन्हा रेकॉर्डिंग म्हटले की बायका बोलायच्या थांबतात.

जुना पाठ: जिल्ह्यात हेच अडते. चाचणीत जो आठवड्याचा वेळ राखून ठेवता येतो, तो शासकीय कामाच्या धबडग्यात उरत नाही. सगळ्या भेटी ऐकणे शक्य नसेल, तर ज्यांनी संमती दिली आहे त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून थोड्या निवडाव्यात. समुपदेशकाला निवडू दिले तर तो चांगलीच भेट पुढे करतो. मात्र संमती न देणाऱ्यांच्या भेटी वेगळ्या असतील, तर मोजमाप एकांगीच राहते, आणि यावर माझ्याकडे उत्तर नाही.

शब्दवेडी: मजकुरात 'पद्धतीशी इमान' घेते. रकान्याला मात्र ते लांब पडते, आणि नुसते 'इमान' लिहिले तर आशाताईंना स्वतःच्या प्रामाणिकपणावरच शंका घेतल्यासारखे वाटेल. तेथे काय लिहावे?

माळरान: 'गाभा टिकला का?' असा प्रश्नच लिहिला तर?

गटप्रवर्तक: हे आमच्या ताईंना कळेल. पण चित्रांच्या तक्त्यासारखा चांगला बदल नोंदवायलाही जागा हवी, आणि त्याला 'चूक' म्हणायचे नाही. त्यासाठी शब्द कोणता?