‘यावर्षीची विक्री’ मागितली तर जानेवारीपासून मोजायची की एप्रिलपासून?

जिनिंग_चोपडा: आमची चोपड्याजवळ छोटी जिनिंग आहे. सीसी म्हणजे कॅश क्रेडिट कर्जाच्या नूतनीकरणासाठी बँकेतून जानेवारी 2026 च्या पहिल्या आठवड्यात निरोप आला, “यावर्षीची एकूण विक्री कळवा.” मुनीमजी म्हणतात एप्रिलपासून मोजा. मोठा भाऊ म्हणतो 2025 साल संपलंय, पूर्ण बारा महिन्यांचा द्या. एप्रिल ते डिसेंबर 2025 ची विक्री 3.50 कोटी, जानेवारी ते डिसेंबर 2025 ची 6.60 कोटी. ऑडिट झालेल्या 2024-25 ची 6.40 कोटी. कोणता आकडा पाठवू?

धुळे_हार्डवेअर: हाऊ प्रश्नच नही शे भाऊ. आपल्याकडे धंद्याचं वर्ष एप्रिल ते मार्च. बँक असो, जीएसटी असो, आयकर असो, सगळं त्याच वर्षावर चालतं. जानेवारी-डिसेंबर कोणी विचारत नाही. 3.50 कोटी टाका आणि मोकळे व्हा.

भुसावळची_ताई: कोणीच विचारत नाही असं कसं म्हणता दादा? माझा धाकटा भाऊ अमेरिकेत नोकरीला आहे. तिथे पगारदार माणसाचं कराचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, आणि इथल्या ठेवीचं व्याजही त्याला तिकडच्या विवरणात दाखवावं लागतं. त्याने “यावर्षीचं व्याज पाठव” म्हटलं तेव्हा मी बँकेचा टीडीएस दाखला पाठवला. तो एप्रिल ते मार्चचा, त्याच्या कामाचा नाही. शेवटी पासबुकातून तारखेप्रमाणे व्याजाच्या नोंदी काढल्या. जानेवारी-मार्चच्या आदल्या आर्थिक वर्षातल्या, एप्रिल-डिसेंबरच्या चालू वर्षातल्या. विचारणारा कुठे बसलाय ते आधी पाहायला हवं.

धुळे_हार्डवेअर: ताई, ते परदेशाचं झालं. इथे विचारणारी बँक आपल्या तालुक्याची आहे.

हिशेब_जळगाव: बँकेच्या बाबतीत हार्डवेअरवाल्या दादांचं बरोबर आहे, पण “टाका आणि मोकळे व्हा” हे मला पटत नाही. नुसते 3.50 कोटी गेले तर तुमचं नुकसान होऊ शकतं.

साहेबांच्या टेबलावर 2024-25 चा 6.40 कोटींचा ताळेबंद आहे. त्याच्या शेजारी त्यांनी 3.50 ठेवले तर धंदा निम्म्यावर आला असंच दिसेल. काही जण नऊ महिन्यांच्या आकड्यावरून सरळ वर्षाचा अंदाज बांधतात: 3.50 भागिले 9 गुणिले 12, म्हणजे साधारण 4.67 कोटी. लहान उद्योगांना खेळतं भांडवल देताना बँका पुढच्या वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या निदान 20 टक्के धरतात. 6.40 कोटींवर ते 1.28 कोटी होतात, 4.67 वर 93 लाख. फरक 35 लाखांचा, आणि तोही कापूस खरेदीच्या ऐन भरात.

जिनिंगला हा भागाकारच लागू होत नाही. आपल्याकडे कापूस दसरा-दिवाळीपासून येतो आणि गाठी-सरकीची विक्री मार्चपर्यंत जोरात चालते. एप्रिल ते सप्टेंबर शांत. तुमच्याच आकड्यांतून निघतं की जानेवारी-मार्च 2025 मध्ये 3.10 कोटींची विक्री झाली. यंदाचा तो भाग अजून यायचाच आहे.

आता भाऊंचे 6.60. त्यातले 3.10 कोटी 2024-25 च्या ताळेबंदात आधीच मोजले गेलेत. तेच चालू वर्षाच्या रकान्यात गेले तर एकच माल दोनदा विकल्यासारखं होईल. बँक एप्रिल ते डिसेंबरच्या थ्री-बीची, म्हणजे जीएसटीच्या मासिक विवरणांची बेरीज घेते तेव्हा हे लगेच पकडलं जातं, आणि मग आकडा फुगवला असा संशय येतो.

माझ्या मते असं लिहा: “1 एप्रिल ते 31 डिसेंबर 2025, जीएसटी वगळून विक्री 3.50 कोटी. गतवर्षी याच नऊ महिन्यांत इतकी.” मागच्या एप्रिल-डिसेंबरचा आकडा काढलात का?

जिनिंग_चोपडा: 6.40 मधून 3.10 वजा केले तर 3.30 कोटी. टॅलीतही तेवढेच आहेत.

हिशेब_जळगाव: मग 3.30 च्या जागी 3.50, म्हणजे साधारण सहा टक्के वाढ. तीच विक्री, पण कागदावर घसरणीऐवजी वाढ दिसते.

आप्पा_अमळनेर: मला भाऊचं म्हणणं वेगळ्या कारणाने रास्त वाटतं. कापसाच्या माणसाला विचाराल तर त्याचं साल ना जानेवारीला सुरू होतं ना एप्रिलला. कापसाच्या बाजारात हंगामच ऑक्टोबर ते सप्टेंबर धरतात. आमच्या वडिलांची वही दिवाळीला बंद व्हायची आणि आयकरालाही ती चालायची. 1989-90 च्या आकारणी वर्षापासून सर्वांना मार्चअखेर सक्तीची झाली. बँकेने जिनिंगवाल्याला हंगामाचा आकडा मागावा, म्हणजे ही ओढाताण राहणार नाही.

हिशेब_जळगाव: आप्पा, हंगाम समजायला तोच आकडा खरा, मान्य. पण भाऊंचं जानेवारी-डिसेंबर हंगामाच्या सगळ्यात विरुद्ध आहे. त्यात मागच्या हंगामाचा उत्तरार्ध आणि या हंगामाचा पूर्वार्ध एकत्र येतो. दोन वेगळी पिकं, दोन वेगळे भाव. एप्रिल-मार्चमध्ये निदान ऑक्टोबर ते मार्चचा भर एकसंध राहतो.

शहादा_पालक: इथेच विचारते. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जात 2024-25 चं उत्पन्न मागितलंय. यजमानांच्या आयकर पावतीवर 2025-26 छापलंय. म्हणजे ती पावती चालणार नाही का?

हिशेब_जळगाव: ताई, पावतीवर आहे ते आकारणी वर्ष. आकारणी वर्ष 2025-26 म्हणजे उत्पन्न 2024-25 चं, तुम्हाला हवं तेच. 1 एप्रिल 2026 पासून नव्या कायद्यात ही दोन वर्षं जाऊन एकच ‘कर वर्ष’ येतंय, पण जुन्या पावत्यांवर हा घोळ राहील. तहसीलचा दाखला मागितला असेल तर मात्र पावती त्याची जागा घेत नाही. अर्जात काय लिहिलंय ते नीट वाचा.

धुळे_हार्डवेअर: मूळ मुद्द्यावर येतो. तारखा लिहायच्या, कबूल. पण मग बँकेलाच फोन करून का विचारू नये? दोन मिनिटांचं काम.

हिशेब_जळगाव: विचारायला हरकत नाही. पण निरोप देणारा बऱ्याचदा वरून आलेला मजकूर पुढे पाठवतो, त्यालाही नक्की माहीत नसतं. तो “द्या ना जे असेल ते” म्हणतो. तारखेसह आकडा गेला की त्याच्या वरच्या साहेबाला प्रश्न पडत नाही.

भुसावळची_ताई: मी तर दोन्ही आकडे पाठवीन, खाली तारखा घालून. हवा तो घेतील.

हिशेब_जळगाव: ठेवीच्या व्याजाला ते चालेल. कर्जाच्या फाइलीत दोन विक्रीचे आकडे मी कधीच ठेवणार नाही. पुढच्या टेबलावर मोठा आकडा उचलला जातो आणि थ्री-बीशी जुळत नाही म्हणून फाइल परत येते.

भुसावळची_ताई: तारखा वाचल्या तर परत कशाला येईल?

आप्पा_अमळनेर: यात मी ताईंच्या बाजूने. शिवाय हाच निरोप 5 एप्रिलला आला असता तर? तेव्हा ‘यावर्षी’ म्हणजे पाच दिवसांचं नवं वर्ष, की नुकतं संपलेलं?

हिशेब_जळगाव: एप्रिल-मेमध्ये बँक जवळपास नेहमी संपलेल्या वर्षाचा, ऑडिट व्हायच्या आधीचा तात्पुरता आकडा मागते. नव्या वर्षाचा फक्त अंदाज असतो. पण आप्पा, ‘जवळपास नेहमी’वर फाइल चालत नाही, हे तुमचं खरं. तेव्हा मीही फोन करीन.

जिनिंग_चोपडा: नऊ महिन्यांचा आकडा, मागच्या वर्षीच्या त्याच नऊ महिन्यांशी तुलना आणि खाली मागच्या जानेवारी-मार्चची विक्री 3.10 कोटी, असं पत्र करतोय. भावाला अजूनही 6.60 द्यावेसे वाटतात. त्याचं म्हणणं आहे की साहेब एवढं वाचत बसणार नाहीत.