अनुभव धागा: नकार आल्यावर ‘रिझ्युमे ठेवून घ्या’ म्हणालात का? पुढे काय झालं?

फोंड्याची: धागा मीच काढलाय, तर सुरुवात माझ्यापासून. वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीसाठी, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासायच्या कामासाठी मुलाखत दिली, तिसऱ्या दिवशी नकाराचा मेल आला. जेवल्यावर राग थोडा निवला, मग त्याच मेलखाली उत्तर लिहिलं. एचपीएलसी या तपासणीच्या यंत्रावर तीन वर्षं काम केलंय, औषध किती टिकतं ते बघणाऱ्या स्टॅबिलिटीची जागाही चालेल, रात्रपाळी चालेल, नोटीस एक महिना; रिझ्युमे ठेवून घ्या आणि अशी जागा निघाली तर कळवा. पाच आठवड्यांनी फोन! निवडलेला मुलगा नोटीस काढता काढता दुसरीकडे गेला होता. मी दुसऱ्या नंबरवर होते, हे तेव्हा कळलं.

वास्कोकर: मी एचआरमध्ये बरीच वर्षं काढली. असं फार वेळा होतं, म्हणून नकारानंतरचे पहिले दीड-दोन महिने महत्त्वाचे. त्यानंतर तुमचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही. जागा निघाली की आम्ही मेलबॉक्समध्ये ‘एचपीएलसी’ असा शब्द टाकून शोधतो. हिने तो मेलमध्येच लिहिला, म्हणून ती सापडली. नुसतं ‘योग्य जागा असल्यास कळवा’ लिहिलं तर शोधायचं काय? आणि फाईलचं नाव ‘रिझ्युमे फायनल २’ नको. स्वतःचं नाव आणि काम लिहा.

डिचोलीकर: मी तर वेर्ण्याला गेटवरच वॉचमनकडे बायोडेटा देऊन यायचो. सात ठिकाणी दिला, एकाचाही फोन नाही.

फोंड्याची: दादा, मुलाखत होऊन नकार आल्यानंतरचं विचारतेय.

डिचोलीकर: मुलाखतीपर्यंत पोचलो असतो तर सांगितलं असतं.

कळंगुटचा: हॉटेलात मागे लागावंच लागतं. मी फ्रंट ऑफिससाठी दर आठवड्याला मेल टाकायचो, शेवटी घेतलं.

वास्कोकर: कधी घेतलं?

कळंगुटचा: सप्टेंबरात.

वास्कोकर: मग तुला पर्यटकांच्या सीझनने घेतलं, बाबा, मेलांनी नाही. मे महिन्यात नकार मिळाला तर ऑगस्टच्या मध्यावर एकदा आठवण करायची, बस. दर आठवड्याचे मेल आमच्याकडे न उघडताच बाजूला पडायचे.

कळंगुटचा: असेल. पण मॅनेजरला माझं नाव पाठ होतं, हे खरं.

मडगावची: माझा रिक्रूटर कन्सल्टन्सीचा होता. त्याला सांगितलं, पण दोन महिन्यांनी कंपनीने तीच जागा स्वतःच भरली. त्याला पत्ताही नव्हता.

वास्कोकर: तिथे दोघांनाही सांगायचं. मात्र कन्सल्टन्सीने पाठवलेल्या उमेदवाराला कंपनी काही महिने थेट घ्यायला कचरते, कमिशनचा वाद होतो. किती महिने, ते त्यांच्या करारावर.

फोंड्याची: आणि नकार ‘नो-रिप्लाय’ पत्त्यावरून आला तर? मैत्रिणीचं तसंच झालंय. मुलाखत घेणाऱ्या मॅडमचा नंबर आहे तिच्याकडे. व्हॉट्सअ‍ॅप करावं का?

मडगावची: मी नसतं केलं.

कळंगुटचा: मी केलं असतं.