हरवलेल्या पाळीव प्राण्याची सूचना तुम्ही कशी लिहिली होती?

सांजसावली: शेजाऱ्यांच्या ग्रुपवर अशी सूचना लिहिण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांच्याकडून एवढेच जाणून घ्यायचे आहे की सूचनेतल्या नेमक्या कोणत्या वाक्यामुळे उपयोगी उत्तर आले. आमची मांजर दार उघडे राहिल्याने निसटली, तेव्हा घरातल्यांचा पहिला मसुदा तिच्या लाडक्या सवयींनीच भरलेला होता. तो बाजूला ठेवून अखेर आम्ही पुढील मजकूर पाठवला:

"आमची करड्या पट्ट्यांची मांजर चिनू मंगळवारी रात्री नऊच्या सुमारास इमारतीच्या मागच्या जिन्यापाशी शेवटची दिसली. तिचे चारही पंजे पांढरे असून गळ्यात पट्टा नाही. ती घाबरट आहे, म्हणून दिसल्यास कृपया पकडायला धावू नये. लांबूनच फोटो काढावा आणि खालील क्रमांकावर लगेच फोन करावा, मध्यरात्रीही चालेल. मंगळवारी रात्रीनंतर आपण एखादी अडगळीची खोली किंवा गॅरेज उघडून पुन्हा बंद केले असेल, तर आत एकदा बॅटरी मारून पाहावे."

या शेवटच्या वाक्यामुळेच एका शेजाऱ्यांनी आपली खोली उघडून पाहिली आणि चिनू तिथल्या खोक्यांमागे सापडली.

रानवाट: मी प्राण्यांच्या निवाऱ्यात काम करते. घराबाहेर न जाणारे मांजर निसटले की ते बहुधा लांब जात नाही. जवळच एखाद्या कोपऱ्यात दडून बसते आणि मालकाने हाक मारली तरी भीतीने आवाज करत नाही. म्हणून 'कुठे दिसली का?' असे मोघम विचारण्यापेक्षा कोणती जागा उघडून पाहायची, हे सांगणे अधिक फलदायी ठरते. स्वतः शोधायला रात्री सामसूम झाल्यावर जावे आणि बॅटरी आपल्या डोळ्यांच्या उंचीवर धरावी, म्हणजे गाडीखाली लपलेल्या मांजराचे डोळे चमकतात. फोटो दिवसाच्या उजेडातला आणि पूर्ण अंग दाखवणारा द्यावा. गोंडस चेहऱ्याचा फोटो ओळख पटवायला फारसा कामाचा नसतो. आणखी एक, अंगावरची एक खूण मुद्दाम सूचनेत लिहू नये.

कोरा कागद: मांजराच्या मातीचा ट्रे बाहेर ठेवा, असेही सूचनेखाली लिहायला हवे होते. तो वास कितीतरी लांबून येतो आणि मांजर परत येतेच.

रानवाट: वासाचा उपयोग होऊ शकतो, पण त्या ट्रेमुळे परिसरातले दांडगे बोकेही येतात आणि मग घाबरलेले मांजर पुढेच येत नाही, असे मला वाटते. त्यापेक्षा तिचे अंथरूण ठेवावे. यावर आमच्याकडेही एकमत नाही.

आडवळण: कुत्र्याची गोष्ट वेगळी आहे. आमचा कुत्रा मेघगर्जनेला बुजून पळाला आणि भल्या मनाच्या लोकांनी त्याला नावाने हाका मारत पाठलाग केल्यामुळे तो वाहत्या रस्त्याकडे गेला. आम्ही तातडीने सूचना बदलून लिहिले, की त्याला हाक मारू नये, मागे जाऊ नये, फक्त वेळ आणि तो कोणत्या दिशेने गेला ते कळवावे. 'आत्ताच दिसला' या निरोपाचा काही उपयोग होत नव्हता, कारण तो आम्ही वाचेपर्यंत 'आत्ता' उलटून गेलेले असे. वेळ आणि दिशा येऊ लागल्यावर मात्र त्याचा मार्ग नकाशावर मांडता आला आणि संध्याकाळी तो ओढ्याकाठी सापडला.

पिंपळपान: माझा पोपट उडून गेला आहे, त्याच्यासाठीही हेच लिहू का?

आडवळण: नाही, तुम्ही वरच्या मजल्यांवरच्या लोकांना गच्ची आणि झाडांचे शेंडे पाहायला सांगा. त्याची शीळ रेकॉर्ड करून सोबत जोडा, कारण तो दिसण्याआधी ऐकू येण्याची शक्यता जास्त.

नीलकंठ: लपवलेल्या खुणेविषयी सांगतो. मांजर आपल्याकडे असून जखमी आहे, उपचाराचे पैसे आधी पाठवा, असा फोन आम्हाला आला होता. तिच्या पोटावरचा डाग कोणत्या रंगाचा आहे, असे विचारताच फोन बंद झाला. बक्षिसाची रक्कम जाहीर केल्याने असे फोन वाढतात, असे माझे मत आहे. पत्नीच्या मते रकमेमुळेच मुले शोधायला बाहेर पडतात.

कोरा कागद: चिप बसवली असेल तर ती कुठे आहे हे कळतेच की!

रानवाट: कळत नाही. त्या चिपमध्ये फक्त एक क्रमांक असतो आणि तो स्कॅनर अंगाजवळ धरल्यावरच वाचता येतो. सूचनेत 'चिप आहे' एवढे जरूर लिहावे, म्हणजे ज्यांना मांजर सापडेल ते तिला दवाखान्यात नेऊन तपासून घेतील. पूर्ण क्रमांक मात्र देऊ नये.

सांजसावली: आमची सूचना इतर ग्रुपवर गेली, तेव्हा काहींनी फक्त फोटो पुढे पाठवला आणि मजकूर मागेच राहिला. म्हणून तारीख, जागा आणि फोन क्रमांक फोटोवरच लिहावेत. चिनू सापडल्यावर त्याच फोटोवर ठळक 'सापडली' असे लिहून आम्ही तो सर्व ग्रुपवर पाठवला, तरीही अधूनमधून एखाद्या करड्या मांजराचा फोटो येतोच. नीलकंठ, बक्षिसाबाबत आमच्या घरीही हाच वाद झाला आणि शेवटी रकमेचा आकडा न देता 'योग्य बक्षीस' असे लिहिले. त्याने फरक पडला की नाही, हे मला सांगता येणार नाही.