सिनिअर काहीच सांगत नाहीत, रात्रीचा जॉब पडला की आम्ही अडकतो. मदत हवी आहे

रात्रपाळी_सपोर्ट

नमस्कार मंडळी. मी प्रॉडक्शन सपोर्टमधे आहे. आमच्याकडे रोज रात्री २ वाजता एक बॅच जॉब चालतो, पार्टनरकडून पेमेंटच्या सेटलमेंटची फाईल येते, ती स्टेजिंग टेबलमधे लोड होते आणि मग पोस्टिंग होतं. एरवी नीट चालतो पण महिनाअखेरीला हमखास अडकतो, आणि तो नीट करणं फक्त आमच्या सरांनाच माहितीये. ते या सिस्टीमवर सुरुवातीपासून आहेत.

आम्ही फोन केला की म्हणतात "तू सोड, मी बघतो". कॉलवर स्क्रीन शेअर चालू असते, ते म्हणतात "जरा थांब" आणि शेअर बंद होतं. थोड्या वेळाने परत चालू होतं तेव्हा टर्मिनल पूर्ण कोरं, `clear` मारलेलं, आणि "झालं, चेक कर". काय केलं विचारलं तर "रीस्टार्ट केलं". डॉक्युमेंट मागितलं तर "मला कोणी शिकवलं नव्हतं, करत करत शिकायचं असतं". पण करायला तर मिळतच नाही ना. आणि मग रिव्ह्यू मीटिंगमधे मॅनेजरसमोर म्हणतात की ज्युनिअर मुलांना अजून सिस्टीम कळलेली नाही. माझ्याबरोबर जॉईन झालेली एक मुलगी तर आता नाईट शिफ्ट म्हटलं की घाबरते, कारण जॉब पडला आणि सरांनी फोन नाही उचलला तर आमच्या हातात काहीही नाही.

त्यांच्याशी वाईटपणा घ्यायचा नाहीये, माणूस हुशार आहे यात वाद नाही. पण या माणसाकडून शिकायचं कसं ते सांगा प्लीज.

कोरी_पाटी

लिनक्स आणि शेल स्क्रिप्टिंगचा एखादा चांगला कोर्स करून टाक. बेसिक पक्कं झालं की कुणावर अवलंबून राहावं लागत नाही.

रात्रपाळी_सपोर्ट

कमांड येतात हो. लॉग वाचता येतो, एसक्यूएल येतं. अडचण ही आहे की *या* जॉबला काय लागतं ते कुठेच लिहिलेलं नाही, ते कोर्समधे कसं मिळेल.

स्पष्टवक्ता

मॅनेजरला सरळ मेल टाक, एचआरला सीसीमधे ठेव आणि लेखी नॉलेज ट्रान्सफर माग. तारखांसकट प्लॅन. असली माणसं मुद्दाम करतात, आपल्यावाचून अडलं पाहिजे म्हणून. गोड बोलून काही होत नाही.

जुना_ऑपरेटर

स्पष्टवक्ता, मॅनेजरला कळलं पाहिजे हे अर्धं बरोबर आहे तुमचं, पण तक्रार म्हणून गेलं तर तो माणूस अजून मिटून घेईल. आणि लेखी केटी मागितली की काय मिळतं ते मी खूप वेळा पाहिलंय, दोन तासांचं प्रेझेंटेशन, चौकोन आणि बाण, आणि रात्री २ वाजता लागणारी एक ओळ त्यात नसते. कागदावर मात्र केटी पूर्ण. पुढच्या वेळी तुम्ही अडलात की "मी शिकवलं होतं" म्हणायला ते मोकळे.

रात्रपाळी, त्यांनी टर्मिनल कोरं केलं तरी मशीनवर खुणा राहतात. जॉब पडला की सरांना फोन लावायच्या *आधी* जेवढं दिसतंय तेवढं टिपून ठेव: लॉगच्या शेवटच्या वीसेक ओळी, जॉबच्या फोल्डरमधल्या फायली वेळेसकट, आणि त्या तारखेच्या स्टेजिंगमधे आणि पोस्टिंगमधे किती रो आहेत. ते "झालं" म्हणाले की परत तेच सगळं टिप. दोन्हीतला फरक म्हणजे त्यांनी काय केलं ते.

तू लिहिलंयस त्यावरून माझा अंदाज सांगतो, तपासून बघ. महिनाअखेरीला फाईल मोठी असते आणि उशिरा येते. २ चा जॉब तिची वाट बघत बसतो आणि मधेच मारला जातो, पण त्याने सुरुवातीला बनवलेली लॉक फाईल तशीच राहते. पुढचा रन लॉक बघतो, आधीचा चालूच आहे असं समजून गप निघून जातो. बऱ्याच जुन्या स्क्रिप्टमधे असं निघताना एक्झिट कोड ० देतात, म्हणून शेड्युलरवर हिरवं दिसतं आणि पोस्टिंग मात्र झालेलंच नसतं. असं असेल तर सरांच्या "रीस्टार्ट" नंतर लॉक फाईल गेलेली दिसेल आणि लॉगमधे आदल्या तारखेचा रन हाताने दिलेला दिसेल.

पण हे दिसलं म्हणून पुढच्या वेळी लगेच लॉक उडवून जॉब चालवू नकोस. जुना प्रोसेस खरंच जिवंत असला, किंवा अर्धं पोस्टिंग आधीच झालेलं असलं, तर तेच पैसे दोनदा पोस्ट होतील आणि ते निस्तरणं मूळ अडचणीपेक्षा भारी पडतं.

रात्रपाळी_सपोर्ट

बाप रे, हिरवं दिसतं हे अगदी तसंच होतं आमच्याकडे! आम्हाला सकाळी बिझनेसवाल्यांचा फोन येतो तेव्हा कळतं. पण ते जिवंत आहे की नाही हे बघायचं कसं आणि मग सरांना विचारायचं तरी काय?

जुना_ऑपरेटर

लॉक फाईलमधे बहुतेक वेळा प्रोसेसचा नंबर असतो. नावं तुमच्याकडची घाल:

```
cat settle.lock
ps -fp "$(cat settle.lock)"
```

फक्त काही दिसलं की नाही एवढ्यावर जाऊ नकोस, तोच नंबर नंतर दुसऱ्याच प्रोसेसला मिळालेला असू शकतो, म्हणून कमांडचं नाव आणि सुरू झाल्याची वेळ वाच.

आता विचारायचं कसं. "सर, हा जॉब कसा चालतो" असं विचारलंस की "करत करत कळेल" हेच उत्तर येणार. त्यापेक्षा तुला जेवढं कळलंय ते अर्ध्या पानात लिही, आधी हे बघायचं, मग हे, मग हे, आणि त्यांना पाठव की सर, पुढच्या वेळी मी असं करणार आहे, चुकत असेल तिथे सांगा. जो माणूस आपणहून काही सांगत नाही त्यालाही आपल्या सिस्टीमबद्दल चुकीचं लिहिलेलं बघवत नाही. मुद्दाम चुका पेरू नकोस मात्र, ते लगेच कळतं आणि विश्वास जातो.

हिशोबनीस

मी आयटीतली नाही, अकाउंट्समधली आहे, पण वाचून राहवलं नाही. आमच्याकडे महिन्याचं क्लोजिंग एका एक्सेल फाईलवर चालायचं, मॅक्रोला पासवर्ड, तो एकाच सरांकडे. ते रिटायर झाले आणि पुढच्या महिन्यात रेट बदलल्यावर फाईल चुकीचे आकडे द्यायला लागली. पासवर्ड त्यांनाही आठवेना. शेवटी आम्ही जुन्या महिन्यांचे इनपुट आणि आउटपुट शेजारी शेजारी ठेवून एकेक कॉलम उलटा काढला, कुठे राउंडिंग, कुठे वजावट. जमलं, पण तोवर दोन महिन्यांचे हिशोब लटकलेले. तुमच्या सरांची रजा कधी आहे ते बघा. रजेवर जाणाऱ्या माणसाला मधेच फोन नको असतात, तेव्हा थोडं तरी सांगतात.

मधल्या_फळीतला

मी स्वतः सिनिअर आहे म्हणून दुसरी बाजू लिहितो. सगळेच दुष्टपणाने करत नाहीत. ज्याने आजूबाजूची माणसं कमी होताना पाहिली आहेत त्याला वाटतं की हेच एक माझ्या हातात आहे, तेही दिलं तर उरलं काय. शिवाय २ वाजता झोपेतून उठलेला माणूस शिकवायच्या मूडमधे नसतो. त्यांना सांगा की पहिला कॉल मी घेतो, सर, मी टाईप करतो, तुम्ही फक्त बघा. त्यांची झोप वाचते हे कळलं की फरक पडेल. आणि त्या पानावर त्यांचं नाव टाका, "तपासणी: अमुक सर" असं.

स्पष्टवक्ता

लपवून ठेवणाऱ्याचंच नाव वर? नाही पटलं मला. मुलांना मीटिंगमधे नालायक ठरवतो त्याचं काय?

मधल्या_फळीतला

ते चूकच आहे, त्याचं समर्थन करत नाही. पण नाव असलं की ते पान त्यांचंही होतं, मग त्यात चूक राहिली तर त्यांना दुरुस्त करावीशी वाटते.

जुना_ऑपरेटर

एक राहिलं. हा जॉब कुणाच्या आयडीखाली चालतो बघ. सरांच्या स्वतःच्या आयडीवरून किंवा त्यांच्या होम डिरेक्टरीतून चालत असेल तर मॅनेजरकडे न्यायचा मुद्दा तो आहे, आणि त्यात सरांचं नाव खराब करायची गरज नाही. लिनक्सवर आयडीचा पासवर्ड एक्सपायर झाला तर पुष्कळ ठिकाणी क्रॉन त्या आयडीचे जॉब चालवायचं बंद करतो, क्रॉनच्या लॉगमधे ऑथेंटिकेशन टोकनबद्दल एक ओळ पडते आणि बाकी सगळं शांत. म्हणून "हा जॉब सर्व्हिस आयडीवर आणि स्क्रिप्ट टीमच्या रिपॉझिटरीत हवी" एवढंच मांड. त्यांच्या होममधे स्वतः शिरून बघू नकोस, परवानगी चुकून उघडी असली तरी. ते ॲडमिनकडून रीतसर होऊ दे.

रात्रपाळी_सपोर्ट

अपडेट देतो, महिनाअखेर होऊन गेली. जॉब पडला. आधी सगळं टिपलं, मग सरांना फोन केला, नंतर परत टिपलं. लॉक फाईलचा अंदाज बरोबर निघाला, आणि लॉगमधे आदल्या तारखेचा रनही दिसला. मग अर्धं पान लिहून सरांना पाठवलं, वर त्यांचं नाव टाकून. दोन दिवस काही नाही. मग जेवायच्या सुट्टीत स्वतः डेस्कवर आले आणि म्हणाले "हे उलट लिहिलंयस, लॉक नंतर. आधी फाईल पूर्ण आली का ते बघ". फाईलच्या शेवटच्या ओळीत एकूण रेकॉर्डचा आकडा असतो, तो आणि प्रत्यक्ष ओळी जुळल्याशिवाय ते काहीच करत नाहीत, कारण महिनाअखेरीला कधी कधी फाईल अजून उतरतच असते आणि अर्धी फाईल लोड झाली तर एरर येत नाही, पैसे कमी दिसतात एवढंच.

```
tail -1 settle_0131.txt
wc -l settle_0131.txt
```

आमच्या फाईलला वर हेडरची एक ओळ आणि खाली ही एक, म्हणून दोन वजा करायच्या. खरं सांगतो, हे मला लॉगवरून कधीच कळलं नसतं. लिहून घेतो म्हटलं तर नको म्हणाले नाहीत.

पण सगळं सुटलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी जॉब कुठली तारीख धरतो ते त्यांच्या होममधल्या एका दुसऱ्या फाईलवरून ठरतं, ती विचारली की परत "ते मी बघतो". सर्व्हिस आयडीचा मुद्दा मॅनेजरने लिहून घेतला, पुढे काही हाललेलं नाही. मीटिंगमधलं बोलणं अजून तसंच आहे.

जुना_ऑपरेटर

ट्रेलरचं, म्हणजे त्या शेवटच्या ओळीतल्या आकड्याचं, मला सुचलं नव्हतं, तुझ्या सरांचं बरोबर आहे, क्रम तोच ठेव. सुट्टीच्या फाईलसाठी जुने लॉग काढ. ज्या दिवशी रन नाही किंवा धरलेली तारीख कॅलेंडरपेक्षा वेगळी आहे असे दिवस वेगळे कर, यादी बरीचशी तयार होईल. लॉग किती दिवसांनी पुसले जातात ते आधी विचार आणि आहेत तेवढे आजच कॉपी करून ठेव. पुढच्या वर्षीच्या तारखा मात्र त्यातून मिळणार नाहीत, त्या बिझनेसवाल्यांकडूनच लेखी घ्याव्या लागतील.

हिशोबनीस

आणि त्या घाबरणाऱ्या मुलीला ते पान दिलंस का? पुढची नाईट तिची असेल तर एकदा दिवसा, जुन्या फाईलवर, तिच्याकडूनच हे आकडे जुळवून घे.

रात्रपाळी_सपोर्ट

दिलं नव्हतं, उद्याच बसतो तिच्याबरोबर. लॉग नव्वद दिवसच राहतात असं ॲडमिन म्हणाला, कॉपी चालू केलीये.